कोणती गोळी कोणासोबत

(रुग्णांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सकाळी ६.४०

मुंबईतलं महापालिकेचं मोठं रुग्णालय. तळमजल्यावर रक्त घेण्याच्या खिडकीपुढे रांग लागली आहे. प्रत्येकाच्या हातात केसपेपर. काहींनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलाय. खुर्चीजवळची टेक्निशियन दंडाला रबराचा पट्टा आवळते, "मूठ वळा" म्हणते आणि सुई टोचण्याआधी विचारते, "काही खाल्लंय का?"

"नाही मॅडम. फक्त चहा घेतला."

हे उत्तर तिला रोज मिळतं. आपल्याकडे चहा खाण्यात धरत नाहीत. दूध आणि दोन चमचे साखर पोटात गेलेली असते, तरी माणूस स्वतःला उपाशीच समजतो. ती वाद घालत नाही. चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'चहा, ६ वा.' एवढं लिहिते. कोलेस्टेरॉल एका चहानं फारसं हलत नाही. ट्रायग्लिसराइड हलतं. म्हणून हल्ली साध्या तपासणीला उपाशी पोटाची सक्ती करत नाहीत, पण ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर निघालं की पुन्हा उपाशीपोटी बोलावतात. पुन्हा येणं म्हणजे रोजंदारीच्या माणसाला आणखी एक खाडा.

रांगेतल्या एका गृहस्थांना हे माहीत आहे. मागच्या खेपेला त्यांना तसंच परत यावं लागलं होतं. वय अठ्ठेचाळीस. वाशीच्या धान्य बाजारात माथाडी कामगार. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवरून उतरायचं, थप्पी लावायची. काल रात्री नऊनंतर त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. रक्त दिल्यावर ते कोपर वाकवून कापूस दाबून धरतात आणि विचारतात, "आता चहा चालेल?"

सकाळी ७.५०

आत नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरतायत. दहा मिनिटांनी झाकण उघडतं. लाल पेशी तळाला बसलेल्या असतात आणि वर सीरम येतं. निरोगी माणसाचं सीरम फिकट पिवळं, आरपार दिसणारं. टेक्निशियन एक नळी उजेडासमोर धरते. हिच्यातलं सीरम गढूळ आहे, पातळ ताकासारखं. मागची अक्षरं त्यातून वाचता येत नाहीत. ही नळी माथाडीकाकांची. मशीननं आकडा देण्याआधीच ती म्हणते, "ट्रायग्लिसराइड पाचशेच्या वर जाणार."

सकाळी ९.५०

दुसऱ्या मजल्यावर मेडिसिनची ओपीडी. आज मी इथल्या एका सहयोगी प्राध्यापक डॉक्टरांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसलोय. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. एचआयव्ही, मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि कॅन्सर या तीन विभागांतून त्यांच्याकडे एका विशिष्ट कारणासाठी चिठ्ठ्या येतात. ज्या औषधावर माणूस जगतोय, त्याच औषधानं त्याच्या रक्तातली चरबी वाढवली आहे. ते औषध तर बंद करता येत नाही. मग चरबीवर कोणती गोळी द्यायची?

पहिल्या येतात त्या चौतीस वर्षांच्या ताई. घरी ब्लाउज शिवतात. सहा वर्षांपूर्वी आईनं मूत्रपिंड दिलं. तेव्हापासून सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. आल्या आल्या त्या पर्समधून सायक्लोस्पोरिनची कॅप्सूल काढून पाणी मागतात. आज रक्तातली या औषधाची पातळी तपासायची होती. ती सकाळचा डोस घेण्याआधी, म्हणजे आदल्या डोसानंतर साधारण बारा तासांनी मोजतात. रक्त देईपर्यंत त्यांनी कॅप्सूल जपून ठेवली होती.

मागच्या आठवड्यातला त्यांचा एलडीएल १५८ आहे. प्रेडनिसोलोन चरबी वाढवतं, सायक्लोस्पोरिनही वाढवतं. यकृत रक्तातलं एलडीएल उचलून घेतं, ते काम सायक्लोस्पोरिनमुळे मंदावतं. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका तसाही जास्त असतो. त्यामुळे स्टॅटिन द्यायचं, यावर टेबलावर दुमत नाही.

शेजारी बसलेला निवासी डॉक्टर सराईतपणे लिहितो : ॲटोरव्हास्टॅटिन ४०, रात्री एक. इतर कुणासाठी तो ते बरोबरच लिहील. मॅडम पेन घेऊन ४० वर काट मारतात आणि १० लिहितात.

"का, सांग."

"सायक्लोस्पोरिन."

"आणि?"

तो केसपेपर पुन्हा वाचतो. चौथ्या ओळीत डिल्टिआझेम आहे. रक्तदाबाची, स्वस्त गोळी. इथे तिला आणखी एक काम आहे. यकृतातलं जे एन्झाइम सायक्लोस्पोरिन फोडतं, त्याला ही गोळी अडवते, म्हणून महागड्या कॅप्सूलचा डोस कमी करता येतो. आपल्याकडचे मूत्रपिंडाचे डॉक्टर ही युक्ती बरीच वर्षं वापरत आलेत. ताईंचे दर महिन्याला त्यात पैसे वाचतात. पण ॲटोरव्हास्टॅटिन फोडणारं एन्झाइमही तेच. त्यात सायक्लोस्पोरिन स्वतः त्या एन्झाइमला अडवतं आणि शिवाय स्टॅटिनला रक्तातून यकृतात नेणारी वाटही बंद करतं. स्टॅटिन रक्तातच साठत जातं. एकट्या सायक्लोस्पोरिनमुळे ॲटोरव्हास्टॅटिन रक्तात आठपटीच्या आसपास वाढतं. म्हणून त्याची मर्यादा १० मिलिग्रॅम. रोसुव्हास्टॅटिन दिलं तर ५ च्या वर नाही. सिम्व्हास्टॅटिन आणि पिटाव्हास्टॅटिन या ताईंना अजिबात द्यायचं नाही.

"दहानं भागलं नाही तर?" निवासी विचारतो.

"तर एझेटिमाइब जोडू, आणि सायक्लोस्पोरिनची पातळी पुन्हा बघू, कारण तीही हलते. नाहीतर नेफ्रोलॉजीला विचारू, सायक्लोस्पोरिनऐवजी टॅक्रोलिमस करता येईल का. त्यानं चरबी कमी वाढते. पण साखर जास्त वाढते, आणि ताईंच्या आईला मधुमेह आहे. तो निर्णय त्यांचा."

ताई एवढंच विचारतात, "डिल्टिआझेम बंद करायचं का? मग कॅप्सूल वाढेल."

"काही बंद करायचं नाही. कुठलीही गोळी स्वतःहून वाढवायची नाही, कमी करायची नाही."

सकाळी ११.४०

माथाडीकाकांचा रिपोर्ट वर येतो आणि पाठोपाठ ते. मॅडम त्यांना दादा म्हणतात.

त्यांची कथा दीड महिन्यापूर्वी सुरू झाली. खांदे आणि मांड्या दुखत होत्या. हमाली करणाऱ्याचं अंग दुखणारच, म्हणून त्यांनी महिनाभर अंगावर काढलं. बाम चोळला, मेडिकलवाल्याकडून दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. मग एक दिवस शौचाला बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येईना. लघवी काळ्या चहासारखी झाली. तेव्हा, दोन आठवड्यांपूर्वी, ते इथे आले.

सीपीके तपासलं तर ३,४६०. हे स्नायूंमधलं एन्झाइम. स्नायू मोडू लागले की रक्तात सांडतं. साधारण दोनशेपर्यंत ठीक. यात एक मेख आहे, ती मॅडम निवासी डॉक्टरांना आवर्जून दाखवतात. जड ओझी वाहणाऱ्या माणसाचं सीपीके कुठलंही औषध न घेता वाढलेलं असू शकतं. म्हणून नुसत्या आकड्यावर जायचं नाही. कामाचं दुखणं ज्या बाजूवर ओझं जास्त पडतं तिथे जास्त असतं, सुट्टीच्या दिवशी उतरतं. औषधाचं दुखणं दोन्ही मांड्यांत, दोन्ही खांद्यांत सारखं असतं. सुट्टी घेतली तरी राहतं, आणि त्यात ताकद जाते. मग विचारायचं, दुखणं सुरू होण्याआधी नवीन काय घेतलं?

दादांनी तेव्हा पिशवीतून दोन वस्तू काढल्या होत्या. घराजवळच्या खासगी डॉक्टरांनी दिलेली ॲटोरव्हास्टॅटिन ४० ची पट्टी, आणि लेबल खरवडून काढलेली प्लॅस्टिकची बाटली. बाटलीत कापूस कोंबलेला, म्हणजे चालताना गोळ्या वाजायला नकोत. आत लोपिनाव्हिर आणि रिटोनाव्हिरच्या जोडगोळ्या. सकाळी दोन, रात्री दोन. सोबत टेनोफोव्हिर-लॅमिव्ह्युडिन. एचआयव्हीची पहिली औषधं त्यांना लागू पडेनाशी झाली, तेव्हा ही दुसऱ्या फळीची सुरू झाली. एआरटी केंद्रातून फुकट मिळतात. मागच्या तपासणीत विषाणू रक्तात मोजण्याइतकाही नव्हता.

खासगी डॉक्टरांचं चुकलं असं म्हणता येत नाही. त्यांना बाटलीचा पत्ताच नव्हता. दादांनी सांगितलं नव्हतं. त्याच गल्लीत मुलीचं सासर आहे.

आणि त्या बाटलीतच सगळं होतं. रिटोनाव्हिर इथे विषाणू मारायला दिलेलं नाही. यकृतातल्या त्या एन्झाइमला ते अडवतं, म्हणजे लोपिनाव्हिर लवकर फुटत नाही, अंगात टिकतं. सकाळच्या ताईंकडे डिल्टिआझेम थोडंसं जे करत होतं, तेच हे फार जोरानं करतं. ॲटोरव्हास्टॅटिनही त्याच दारात अडकतं. या जोडीसोबत ते रक्तात सुमारे सहापट होतं. पट्टीवर लिहिलेलं ४०, पण अंगात दोनशेच्या वरचा जोर. सिम्व्हास्टॅटिन असतं तर याहून वाईट झालं असतं. या औषधांसोबत त्याला पूर्ण बंदी आहे.

ती गोळी त्याच दिवशी थांबवली. पाणी भरपूर प्यायला सांगितलं. मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून क्रिएटिनिन पाहिलं, ते ठीक निघालं. एचआयव्हीच्या गोळ्यांना हात लावला नाही.

आज सीपीके ३९० आहे.

"हमालाला एवढं चालतं," मॅडम म्हणतात. "उठून दाखवा."

दादा हात छातीशी बांधतात आणि स्टुलावरून उठतात. पुन्हा बसतात, पुन्हा उठतात. पाच वेळा.

दुपारी १२.०५

आता चरबीचा कागद. एकूण कोलेस्टेरॉल २६८. एचडीएल ३२. ट्रायग्लिसराइड ६१२, आणि या खेपेला खरोखर उपाशीपोटी.

निवासी मोबाइलवर हिशोब करतो. ट्रायग्लिसराइडला पाचनं भागायचं : १२२. एकूणातून एचडीएल आणि हे वजा करायचं. एलडीएल आलं ११४. "मॅडम, एलडीएल तसं फार नाही."

"हा हिशोब चारशेच्या पुढे लावायचा नाही," त्या सांगतात. पाचनं भागणं हा ढोबळ अंदाज आहे. ट्रायग्लिसराइड इतकं चढलं की तो कोलमडतो आणि एलडीएल खोटंच कमी दिसतं. इथे सोपा मार्ग आहे : २६८ मधून ३२ वजा. २३६. चांगलं कोलेस्टेरॉल सोडून उरलेलं सगळं. ते १३० च्या खाली असायला हवं. कागदावरच्या ११४ कडे बघून कुणी दादांना 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवलं असतं.

लगेच गोळी लिहिली जात नाही. आधी बाकीची कारणं वगळायची. साखर पाहिली, नाही. थायरॉइड पाहिलं, ठीक. ते मुद्दाम पाहतात, कारण थायरॉइड मंद असेल तर चरबीही वाढते आणि सीपीकेही. लघवीत प्रथिनं नाहीत. दारू?

दादा खाली बघतात. "आठवड्यातून दोनदा. क्वार्टर."

"ती गेली तर ट्रायग्लिसराइड निम्म्या वाटेवर स्वतःच उतरेल. चहा किती?"

"आठ. गाड्या लागल्या की दहा."

"साखर अर्धी करा. भाकरी कमी करू नका. तुमचं काम भाकरीवर चालतं."

डाएटच्या छापील कागदात सॅलड आणि ओट्स लिहिलेत. मॅडम तो कागद देत नाहीत.

मग गोळी. लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरसोबत सगळ्यात बिनघोर चालते ती पिटाव्हास्टॅटिन, कारण ती त्या एन्झाइमच्या दारानं फारशी जातच नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या ७,७६९ जणांवर, भारतासह बारा देशांत झालेल्या रीप्रीव्ह या अभ्यासात हीच गोळी, रोज ४ मिलिग्रॅम, दिली होती. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. हृदयविकार, पक्षाघात असे मोठे प्रसंग ३५ टक्क्यांनी कमी झाले. सकाळी ताईंना जी गोळी वर्ज्य, तीच दादांना सगळ्यांत सोयीची. म्हणूनच 'कोलेस्टेरॉलची चांगली गोळी कोणती' या प्रश्नाला इथे उत्तर नाही. आधी दुसरी बाटली बघावी लागते.

पण पिटाव्हास्टॅटिन रुग्णालयाच्या खिडकीवर मिळत नाही, बाहेरून घ्यावी लागते. दादा विचारतात, किती? महिन्याला तीन पट्ट्या. ते बोटांवर मोजतात आणि मान हलवतात. ती मान 'घेईन'ची नाही, हे मॅडम ओळखतात.

खिडकीवर रोसुव्हास्टॅटिन आहे, फुकट. रिटोनाव्हिरच्या जोडीनं ते साधारण दुप्पट होतं, सहापट नाही. मॅडम ५ मिलिग्रॅम लिहितात, आणि लाल पेनानं खाली : '१० च्या वर नको.' परवडत नाही म्हणून दर दोन दिवसांनी घेतलेल्या गोळीपेक्षा ही बरी, हे त्यांचं मत, आणि समोर बसून मला तेच पटतं.

फेनोफायब्रेट आज नाही. ट्रायग्लिसराइड हजाराच्या आसपास असतं, तर स्वादुपिंडाला सूज येण्याच्या भीतीनं आधी तेच दिलं असतं. पण स्नायू नुकतेच सावरलेत. दोन औषधं एकदम सुरू केली आणि पुन्हा दुखलं, तर दोष कुणाचा हे कळणार नाही. स्टॅटिन आणि फेनोफायब्रेट एकत्र असलेली गोळी बाजारात सर्रास मिळते. "कुणी दिली तर घेऊ नका. आधी मला दाखवा."

दुपारी १.३०

डबा अर्धा झालाय तोच लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डमधून फोन. सात वर्षांचा मुलगा, रक्ताचा कॅन्सर. ॲस्परॅजिनेजची इंजेक्शनं आणि सोबत स्टिरॉइड चालू आहे. ट्रायग्लिसराइड १,९४०. नळी पांढरी दिसली म्हणून लॅबनं आधी फोन केला, मग रिपोर्ट पाठवला.

मॅडम डब्याचं झाकण लावून तीन मजले चढतात. लिफ्टला रांग आहे.

मुलगा कॉटवर मोबाइल बघतोय. त्या त्याच्या पोटावर हात ठेवतात, बेंबीच्या वर हळूच दाबतात, नजर त्याच्या चेहऱ्यावर. तो मोबाइलमधून डोळे काढत नाही. उलटी नाही. लायपेज नॉर्मल. ॲस्परॅजिनेज स्वतःही स्वादुपिंडाला सूज आणू शकतं, म्हणून हे दोन्ही बघावंच लागतं.

इथे त्या कुठलीच गोळी लिहीत नाहीत. या औषधांच्या जोडीनं रक्तातली चरबी साफ करणारं एन्झाइम मंद पडतं. इंजेक्शनांचा टप्पा संपला की आकडा आपोआप खाली येतो. कॅन्सरचं औषध नुसत्या आकड्यासाठी थांबवायचं नाही. तेल-तूप आणि गोड कमी, दर तीन दिवसांनी तपासणी, पोटात दुखलं तर रात्री-अपरात्रीही लगेच सांगायचं. आई विचारते, वडे-भजी बंद केले, दूध द्यायचं का? साय काढून द्या.

दुपारी २.४५

दादांची फाइल काखेत घेऊन मॅडम आवारातल्या एआरटी केंद्रात जातात. फोनवर हे काम होत नाही. प्रश्न मुळाचा आहे : लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर बदलून डोल्युटेग्रॅव्हिर देता येईल का? त्यानं चरबी इतकी वाढत नाही, एन्झाइमही अडत नाही. मग स्टॅटिनवरची ही बंधनं बहुतेक सुटतील.

तिथले वैद्यकीय अधिकारी जुनं कार्ड काढतात. केंद्र सरकारनं एआरटी फुकट सुरू केली २००४ मध्ये. दादा काही वर्षांनी आले. सुरुवातीला झिडोव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन, नेव्हिरापिन. मग मधे गावी जाऊन आठ महिने गोळ्या बंद. तिथे विषाणू हाताबाहेर गेला. दोघे ते पान बराच वेळ बघतात. चरबी वाढली म्हणून औषध बदलायचं आणि विषाणू पुन्हा उठवायचा, हा सौदा परवडणारा नाही. आधी ताजा व्हायरल लोड, मग फाइल राज्याच्या तज्ज्ञ मंडळापुढे. ते सांगतील तसं. तोवर आहे तेच औषध, एकही डोस न चुकवता.

दुपारी ४.१०

दादा अजून व्हरांड्यात बसलेत. व्हायरल लोडचं रक्त द्यायला थांबले होते. आजची हमाली बुडाली, शिवाय गेल्या दोन आठवड्यांत बरेच दिवस बुडाले. टोळीतल्या लोकांनी विचारलं तर काय सांगू, म्हणतात. मॅडम म्हणतात, कोलेस्टेरॉल सांगा, खोटं नाही ते.

त्या एक पोस्टकार्डाएवढा कागद घेतात. त्यावर आजाराचं नाव लिहीत नाहीत. फक्त औषधांची नावं, आणि खाली एक ओळ : 'नवीन कोणतीही गोळी देण्याआधी या औषधांसोबत चालते का पाहावे.' दादा कागद घडी घालून लोकलच्या पासाच्या कव्हरमध्ये ठेवतात. सहा आठवड्यांनी पुन्हा यायचं, उपाशीपोटी.

तुमच्याकडे एचआयव्हीच्या, प्रत्यारोपणाच्या किंवा कॅन्सरच्या गोळ्या असतील, तर असा कागद तुमच्या डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या. आजार सांगायचा नसेल तर सांगू नका, पण गोळ्यांची नावं प्रत्येक डॉक्टरला आणि मेडिकलवाल्याला दाखवा. स्टॅटिन घेताना दोन्ही मांड्या दुखून ताकद गेली किंवा लघवी काळी झाली, तर स्टॅटिन तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. बाकीच्या गोळ्या मात्र चालूच ठेवा.